सोलर पंपाचं ड्राय रन: सकाळी उगाच ट्रिप होतो, आणि दुपारी पाणी तुटलं तरी चालूच राहतो

बांधावरून
तीन एचपीची थ्री फेज सबमर्सिबल, सहाइंची बोअर, सोलर ड्राइव्हवर चालते. पंपाची जाळी ६० मीटरवर आहे. सध्या रात्रभर भरण झाल्यावर पाणी ४५ मीटरवर उभं असतं, उपसा सुरू झाला की खाली जातं. पाणी बोअरच्या तोंडाशीच हौदात पडतं, त्यामुळे वर चढवायचं काही नाही.

ड्राय रनची सेटिंग सुरुवातीला ४.३ अँपिअर होती. रोज सकाळी आणि ढग आला की पाणी असूनही पंप ट्रिप व्हायचा. म्हणून बसवणाऱ्याने ती ३.६ वर आणून ठेवली. सकाळचं ट्रिप होणं थांबलं, पण पाणी तुटलं त्या दुपारी पंप बंदच झाला नाही आणि मोटर गेली. ड्राइव्हच्या लॉगमध्ये त्या वेळी ५० हर्ट्झ, ३.८ अँपिअर, ०.८ किलोवॅट असे आकडे साधारण ४० मिनिटं दिसतात आणि मग एकदम ओव्हरकरंट. नवीन सेट उतरवण्याआधी विचारतो: हा आकडा नेमका किती ठेवायचा? की बोअरमध्ये फ्लोट सोडावा?

निळीमोट
३.६ फारच कमी आहे. साधा नियम असा की चालू करंटच्या ८० टक्क्यांवर ड्राय रन लावायचा. भर उन्हात पाच अँपिअर घेत असेल तर ४ वर ठेवा, काम झालं. आणि खात्रीच हवी असेल तर पॅनेलकडून येणाऱ्या एका वायरीत फ्लोट स्विच घाला. पाणी खाली गेलं की फ्लोट लटकेल आणि सप्लायच तुटेल. ड्राइव्हच्या सेटिंगवर अवलंबून राहायलाच नको.

ड्राइव्हदुरुस्ती
निळीमोट, ८० टक्क्यांचा नियम ग्रिडवरच्या स्टार्टरसाठी बरोबर आहे. तिथे मोटर कायम ५० हर्ट्झवर फिरते, त्यामुळे एक आकडा पुरतो. सोलरवर मोटरचा वेग उन्हाबरोबर कमी-जास्त होतो आणि तिथेच हा नियम फसतो. फ्लोटचं नंतर सांगतो, पण पॅनेलच्या वायरीत फ्लोट कृपा करून कोणी घालू नका.

बांधावरून, तुमच्या लॉगमध्येच निम्मं उत्तर आहे. कोरडा पंप ५० हर्ट्झवर ३.८ अँपिअर घेत होता आणि मर्यादा ३.६ होती. म्हणजे करंट मर्यादेच्या खाली गेलाच नाही. ड्राइव्हच्या हिशेबाने सगळं ठीक चाललं होतं.

आता बाकीचं निम्मं. तुमच्या मोटरचा करंट दोन कामांत वाटला जातो. एक भाग पाणी उचलायला लागतो, दुसरा मोटरमध्ये चुंबकत्व तयार करायला. हा दुसरा भाग सबमर्सिबलमध्ये मोठा असतो आणि पाणी असो वा नसो, तो जातोच. शिवाय ड्राइव्ह हर्ट्झबरोबर व्होल्टेजही कमी करतो, म्हणून वेग उतरला तरी हा भाग जवळपास तेवढाच राहतो. परिणाम असा की भर उन्हात पाण्याचा आणि कोरड्याचा करंट यांत फरक दिसतो, पण सकाळच्या वेगाला तो अगदी चिमूटभर उरतो.

एक काम करा. नवीन सेट बसला आणि बोअर पूर्ण भरलेली असली की हे आकडे लिहून काढा: ५० हर्ट्झवर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना करंट आणि किलोवॅट, मग व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण बंद करून तेच, आणि मग कमाल हर्ट्झ ४० करून व्हॉल्व्ह उघडा ठेवून तेच. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा तो २०-३० सेकंदच. आकडा स्थिर झाला की लगेच उघडा, नाहीतर पंपातलं पाणी तापायला लागतं.

तांब्याचीतार
मोटर रिवाइंडिंगला गेली का? उघडल्यावर काय काय दिसलं ते आधी सांगा. "ड्राय रनने जळली" हे प्रत्येक जळलेल्या मोटरला चिकटवलं जातं. इथे लॉग आहे म्हणून पटतंय, पण पंपाचा भाग बघितल्याशिवाय नक्की म्हणू नये.

बांधावरून
पंपाचे वरचे इम्पेलर वितळून एकमेकांना चिकटले आहेत. बुशांचं रबर काळं पडून सुटलंय. शाफ्ट हाताने फिरत नाही. वाइंडिंग तिन्ही फेजला सारखंच काळं.

तांब्याचीतार
मग ड्राय रनच. यात लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की पाणी तुटलं तेव्हा तुमची मोटर पाण्यातच होती. सबमर्सिबलमध्ये मोटर खाली, तिच्यावर जाळी आणि जाळीच्या वर पंप असतो. पाणी जाळीपर्यंत उतरलं की पंप कोरडा होतो, पण मोटर तेव्हाही बुडालेलीच असते. त्यामुळे आधी मरतो तो पंप. त्याच्या बुशांना पाण्याशिवाय दुसरं वंगण नाही, त्या कोरड्या घासून तापतात, प्लॅस्टिकचे इम्पेलर मऊ पडतात आणि शेवटी शाफ्ट धरला जातो. मोटर हिसडा देते आणि तुमच्या लॉगमधला तो ओव्हरकरंट येतो. त्याच्या आधीची ४० मिनिटं मोटरभोवतालचं पाणी वाहत नव्हतं, त्यामुळे ती तापलेली होतीच.

म्हणून रिवाइंडिंगवाल्याकडे फक्त मोटर नेऊ नका, पंपही उघडून बघा. इम्पेलर चकाचक आणि वाइंडिंगचा एकच फेज जळालेला असेल तर पाण्याला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे केबलचा जोड, सुटलेला फेज किंवा इन्सुलेशन बघावं लागतं. अशा ठिकाणी नवीन मोटर टाकून वर ड्राय रनची सेटिंग कडक केली तर तीही जाते.

आणि रिवाइंडिंग करून आलेली मोटर जोडताना दोन फेज उलट लागले तर ती उलटी फिरते. पाणी वर येत नाही किंवा जेमतेम येतं, आणि करंट कमी दिसल्यामुळे काही ड्राइव्ह तेही ड्राय रन म्हणूनच दाखवतात. पहिल्याच दिवशी भरल्या बोअरला ड्राय रन आला तर आधी दोन वायरी बदलून बघा, मग सेटिंगला हात लावा.

टाकीभर
माझाही हाच प्रॉब्लेम आहे म्हणून इथेच लिहिते. माझा छोटा डीसी पंप आहे, स्क्रूवाला, उघड्या विहिरीत. टाकी अर्धी असतानाच कंट्रोलर "टाकी भरली" दाखवून बंद होतो. फक्त दुपारी. सकाळ-संध्याकाळ नीट चालतो. ड्राय रनची कोणती सेटिंग बदलू?

ड्राइव्हदुरुस्ती
टाकीभर ताई, तुमचं दुखणं वेगळं आहे. ड्राय रनला हात लावू नका, विशेषतः स्क्रू पंपाला. त्याचा रोटर रबरी नळीत घट्ट बसून फिरतो आणि पाणी गेलं की ते रबर काही मिनिटांत भाजून निघतं. इथे चर्चा चाललेला हर्ट्झचा हिशेबही त्याला लागू नाही, कारण त्याची ताकद वेगाबरोबर वेगळ्या पद्धतीने बदलते.

तुमचा टाकीचा फ्लोट मध्येच "भरली" सांगतोय. टाकीच्या फ्लोटची केबल मोटरच्या केबलला बांधून किंवा एकाच पाईपमधून नेली आहे का?

टाकीभर
हो, एकाच पाईपमधून, पंपापासून टाकीपर्यंत. साधारण ७० मीटर.

ड्राइव्हदुरुस्ती
माझा संशय तिथेच आहे. मोटरच्या केबलमध्ये कंट्रोलर सतत चालू-बंद होणारे झटके सोडतो. शेजारून जाणाऱ्या फ्लोटच्या बारीक वायरीत त्याचा गोंगाट उतरतो. दुपारी ताकद सगळ्यात जास्त, म्हणून गोंगाटही तेव्हाच जास्त.

खात्री अशी करा: दुपारी असा बंद झाला की फ्लोटच्या दोन्ही वायरी कंट्रोलरच्या टर्मिनलवरून काढा आणि "टाकी रिकामी" असताना जी अवस्था हवी ती तिथेच द्या, म्हणजे मॅन्युअलप्रमाणे आखूड वायरीचा तुकडा लावा किंवा मोकळं सोडा. तासभर कोणीतरी टाकीवर लक्ष ठेवा. पंप न थांबता चालला तर दोष केबलमध्ये किंवा फ्लोटमध्ये, कंट्रोलरमध्ये नाही. मग फ्लोटसाठी जाळीचं आवरण असलेली, पिळलेल्या दोन तारांची केबल वेगळ्या पाईपमधून न्या, मोटर केबलपासून निदान हातभर दूर. जाळी फक्त कंट्रोलरच्या बाजूला अर्थ करायची, टाकीच्या बाजूला मोकळी ठेवायची. त्याआधी वाटेतला प्रत्येक जोड उघडून बघा. जोडात पाणी शिरलं असेल तरी हेच लक्षण दिसतं.

निळीमोट
फ्लोटचं उत्तर राहिलं. पॅनेलच्या वायरीत का नको? फ्लोटवर तर १० अँपिअर लिहिलेलं असतं आणि पॅनेलचा करंट तेवढाही नसतो.

ड्राइव्हदुरुस्ती
त्यावर १० अँपिअरच्या पुढे २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. पॅनेलची डीसी शून्यावर येतच नाही. तीन एचपीच्या सेटला एका रांगेतल्या पॅनेलांचं व्होल्टेज काहीशे असतं. त्यावर फ्लोटचा संपर्क उघडला की ठिणगी विझण्याऐवजी ताणली जाते आणि जळत राहते. मग फ्लोटचा बारीक संपर्क एक तर चिकटून बसतो, म्हणजे पुढच्या वेळी पाणी गेलं तरी पंप थांबत नाही, नाहीतर फ्लोट वितळतो. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच घालणंही तसंच चूक. चालू असताना तिथे वायर तुटली की ड्राइव्हच्या आउटपुटला धक्का बसतो.

फ्लोट असो वा प्रोब, तो ड्राइव्हच्या सिग्नल टर्मिनललाच जोडायचा. तिथे कमी व्होल्टेज आणि नगण्य करंट असतो, संपर्क वर्षानुवर्षं टिकतो.

निळीमोट
ठिणगीचा मुद्दा पटला, मी एसीचाच विचार करत होतो. एका ठिकाणी असा जोडलेला आहे, तो काढतो.

पाणाडी
ज्या पंपाला असा जोडलाय त्याचे पॅनेल आधी आयसोलेटरने तोडा, मगच ती वायर सोडवा. चालू उन्हात पंप चालत असताना पॅनेलची वायर उपसू नका. ठिणगी तिथेही तशीच पडेल.

बोअरमध्ये फ्लोट सोडायचं मात्र विसरा. केबलवाला फ्लोट वर-खाली झुलायला जागा मागतो. सहाइंचीत पाईप, पॉवर केबल आणि दोरी असताना तो कुठेतरी अडकून बसतो, आणि बहुधा "पाणी आहे" या अवस्थेतच. फ्लोट उघड्या विहिरीत आणि हौदात चालतो. बोअरला प्रोब.

बांधावरून
नवीन सेट उतरवला. बोअर भरलेली असताना घेतलेले आकडे:
५० हर्ट्झ, व्हॉल्व्ह उघडा: ५.१ अँपिअर, २.६ किलोवॅट
५० हर्ट्झ, व्हॉल्व्ह बंद: ४.२ अँपिअर, १.६ किलोवॅट
४० हर्ट्झ, व्हॉल्व्ह उघडा: ४.१ अँपिअर, १.१५ किलोवॅट
पंपाच्या तक्त्यात शून्य पाण्याला कमाल हेड ९० मीटर दिलंय.

ड्राइव्हदुरुस्ती
हे आकडे तुमच्या लॉगशेजारी ठेवून बघा. ५० हर्ट्झवर कोरडा पंप ३.८ घेतो, आणि ४० हर्ट्झवर पाण्यासकट चांगला चाललेला पंप ४.१. दोन्हींत फक्त ०.३ अँपिअरचं अंतर आहे. मर्यादा ४.३ असताना सकाळचा चांगला पंप ट्रिप होणारच होता आणि ३.६ असताना दुपारचा कोरडा पंप सुटणारच होता. निळीमोटांनी सांगितलेल्या ४ वर ठेवली तर कागदावर दोन्ही जमतं, पण ०.१ च्या फरकावर भरवसा ठेवता येत नाही. व्होल्टेज किंवा मोटरचं तापमान जरा बदललं तरी तेवढा फरक पडतो.

आता किलोवॅट बघा. कोरडा पंप ५० हर्ट्झवर ०.८, चांगला पंप ४० हर्ट्झवर १.१५. इथे मध्ये जागा आहे. तुमच्या ड्राइव्हमध्ये ड्राय रन करंटऐवजी पॉवरवर लावायची सोय असेल तर १.० किलोवॅट ठेवा. ४० हर्ट्झवर कोरडा पंप याहून बराच खाली, माझ्या अंदाजाने ०.४५ च्या आसपास जाईल, त्यामुळे तिथेही पकडला जाईल.

हे चालायला एक अट आहे: पंप ४० हर्ट्झच्या खाली फिरताच कामा नये. किमान हर्ट्झ ४० करा आणि त्याखाली ड्राइव्ह झोपून जाईल असं ठेवा. पाणी त्याने फारसं कमी होत नाही. हेड वेगाच्या वर्गाने उतरतं. ९० मीटरच्या पंपाला ४५ मीटरवरचं पाणी उचलायला साधारण ३५ हर्ट्झ लागतात. त्याच्या खाली तो नुसता घुसळत बसतो, वर थेंब येत नाही आणि आतलं पाणी तापतं. ३५ ते ४० मध्ये येतं ते करंगळीएवढं.

ट्रिपचा वेळ १० ते १५ सेकंद ठेवा. त्याहून कमी केला तर ढगाच्या हेलकाव्याला ट्रिप होईल. एक मिनिट ठेवला तर बुश तेवढा वेळ कोरड्या घासतील.

पाणाडी
४० वर थांबू नका. ४५ मीटर ही सकाळची पातळी आहे. उपसा सुरू झाल्यावर पाणी ५५ वर गेलं की उचलायलाच ३९ हर्ट्झ लागतात. त्या वेळी ढग येऊन पंप ४० वर आला तर पाणी जवळजवळ थांबेल, किलोवॅट एकच्या खाली जाईल आणि बोअरमध्ये पाणी असूनही ड्राय रन येईल. पातळी खोल असते त्या दिवसांत किमान ४२ ठेवा, बोअर वर आली की परत ४०.

पण मला खरा प्रश्न वेगळाच दिसतो. पंप बोअरपेक्षा मोठा आहे. भर उन्हात किती पाणी येतं, आणि पाणी तुटल्यावर बोअर किती देते, हे मोजलंय का?

बांधावरून
२०० लिटरचं पिंप ५० हर्ट्झवर १ मिनिट ४० सेकंदांत भरतं. ड्राय रन ट्रिप झाल्यावर सध्या १० मिनिटांनी आपोआप चालू होतो. मग तीनेक मिनिटं चालतो की परत ट्रिप.

पाणाडी
म्हणजे मिनिटाला १२० लिटर. सहाइंची बोअरमध्ये पाईप आणि केबलची जागा वजा जाता मीटरला साधारण १६ लिटर पाणी मावतं. जाळीच्या वर १५ मीटर पाणी म्हणजे २४० लिटर. तीन मिनिटांत पंपाने ३६० लिटर काढले, त्यातले २४० साठ्यातले, उरलेले १२० झऱ्याचे. म्हणजे झरा मिनिटाला ४० लिटर. पंप त्याच्या तिप्पट ओढतोय.

आता तुमचं चक्र मांडा. ३ मिनिटं चालू, १० मिनिटं बंद, दर १३ मिनिटांना ३६० लिटर. सहा तासांच्या उन्हात साधारण १०,००० लिटर होतात. त्याऐवजी पंप झऱ्याच्या वेगाने, मिनिटाला ४० लिटरने सलग चालला तर १४,४०० लिटर होतील. बोअर भरली की झरा थांबतो, त्यामुळे पाणी साठायची वाट बघण्यात उलट नुकसान आहे. शिवाय दिवसाला २७ ट्रिप, प्रत्येकी १५ सेकंद कोरडे, म्हणजे रोज सहा-सात मिनिटं बुश कोरड्या घासताहेत. ड्राय रनची सेटिंग अगदी बरोबर असूनही हा पंप लवकर जाईल.

हौदाच्या तोंडाशी व्हॉल्व्ह आहेच. तो इतका आवळा की पिंप भरायला साडेपाच मिनिटं लागतील, म्हणजे झऱ्यापेक्षा थोडं कमीच ओढलं जाईल.

ड्राइव्हदुरुस्ती
हिशेब मान्य, उपाय मी दुसरा सुचवीन. व्हॉल्व्हपेक्षा कमाल हर्ट्झ कमी करा. ४३-४४ वर तेवढंच पाणी मिळेल, पाईपवर दाब येणार नाही आणि पंपाची झीजही कमी.

पाणाडी
मग तुमच्याच आकड्यांचं काय? किमान ४२ आणि कमाल ४४ ठेवली तर पंपाला हलायला दोनच हर्ट्झ उरतात, आणि पातळी दोन मीटर उतरली की पाणी निम्मं होतं. वर ड्राय रनची मर्यादा आणि चालू किलोवॅट पुन्हा चिकटले. व्हॉल्व्ह आवळून ५० वर ठेवला तर पंप दीड किलोवॅटच्या वरच राहील आणि कोरडा ०.८ वर जाईल. मधलं अंतर मोठं. वाया जातं ते ऊन, आणि इथे पाणी कमी आहे, ऊन नाही.

ड्राइव्हदुरुस्ती
ड्राय रनपुरतं तुमचं बरोबर आहे. पण आवळल्यावर व्हॉल्व्हच्या आधी तीनेक किलोचा दाब राहील. पाईप आणि जोड तेवढ्याचे आहेत का हे आधी बघावं लागेल. मी अजूनही ४६ हर्ट्झ आणि थोडा आवळलेला व्हॉल्व्ह असा मधला मार्ग घेईन.

तांब्याचीतार
दोघांनाही एक विचारतो. ४० लिटरला मोटर थंड राहते का? मोटर चारइंची, बोअर सहाइंची, भोवतालच्या पोकळीतून पाणी फारच सावकाश जाणार. आणि झरा जाळीच्या वर कुठे फुटत असेल तर पाणी वरूनच जाळीत शिरणार, मोटरजवळून काहीच वाहणार नाही. हे ड्राय रनमध्ये पकडलंच जात नाही. किलोवॅट उत्तम दिसत राहतात आणि वाइंडिंग शिजत असतं.

पाणाडी
हे खरं आहे. झरा वर आहे की खाली हे बोअर मारतानाच्या नोंदीवरून कळतं. नोंद नसेल तर पाणी खोल गेलं असताना बोअरवर कान लावा. वरून धार पडत असेल तर स्पष्ट ऐकू येते. तसं असेल तर मोटरवर पाचइंची पीव्हीसीचा तुकडा आवरण म्हणून घाला: वरच्या बाजूला जाळीच्या वर पॅक केलेला, खाली मोटरच्या टोकाच्या थोडा पुढे आणि उघडा. मग पाण्याला मोटरला घासूनच वर यावं लागतं. मात्र बोअर सरळ आहे आणि आवरण कुठे अडकत नाही हे उतरवण्याआधी बघा.

बांधावरून
धार ऐकू येते. म्हणजे झरा वरच आहे. तर सेट पुन्हा काढावा लागणार. काढतोच आहे तर प्रोबही टाकतो. कुठे आणि कसे बांधायचे?

पाणाडी
तीन इलेक्ट्रोड. "लो" जाळीच्या एक मीटर वर. "कॉमन" त्याच्या वीतभर खाली, म्हणजे लो पाण्यात असेल तेव्हा कॉमन नक्की पाण्यात असेल. "हाय" लोच्या आठ-दहा मीटर वर. पाणी लोच्या खाली गेलं की पंप थांबतो आणि हायला टेकल्यावरच परत सुरू होतो, त्यामुळे मिनिटा-मिनिटाला चालू-बंद होत नाही. पंप जाळीपर्यंत पाणी जायच्या आधीच थांबतो, म्हणजे ते रोजचे १५-१५ सेकंदही वाचतात.

तुमच्या बोअरला वरून धार पडते, म्हणून एक काळजी जास्त. धारेचं पाणी इलेक्ट्रोडवरून ओघळलं की कंट्रोलरला पाणी आहे असंच वाटतं. प्रत्येक इलेक्ट्रोड अर्ध्याइंची पीव्हीसीच्या वीतभर तुकड्यात ठेवा, वरून झाकलेला, खाली उघडा आणि बाजूला दोन-तीन भोकं. पाईप लोखंडी असेल तर इलेक्ट्रोड त्याला टेकता कामा नये. पंप सुरू होताना पाईपला पीळ बसतो, त्यामुळे प्रोबच्या वायरी दर दोन मीटरला टायने बांधा, पण ताणून नव्हे. आणि इथे ७० मीटर केबलचं जे सांगितलं ते तुम्हालाही लागू आहे. बोअरच्या आत प्रोब आणि पॉवर केबल शेजारी जाणारच, निदान वर आल्यावर त्यांना वेगळं करा.

ड्राइव्हदुरुस्ती
प्रोब असले तरी पॉवरवरचा ड्राय रन बंद करू नका. पाण्यात लोह किंवा क्षार असतील तर इलेक्ट्रोडवर थर बसतो आणि ते खोटं बोलायला लागतात. इलेक्ट्रोडना साधी डीसी देऊ नका, त्याने ते महिन्या-दोन महिन्यांत खाऊन निघतात. पाण्याच्या पातळीसाठीचा जो रिले मिळतो तो आतून एसीच देतो, तो वापरा आणि त्याचा संपर्क ड्राइव्हला जोडा.

जोडताना पाणी असताना संपर्क बंद आणि पाणी गेलं की उघडा असं ठेवा. मग उंदराने वायर कुरतडली तरी पंप थांबेल, जळणार नाही. हौदाच्या फ्लोटलाही तोच नियम: रिकामा असताना बंद, भरला की उघडा. फ्लोटच्या तीन वायरींचे रंग सगळीकडे एकसारखे नसतात, म्हणून रंगावर जाऊ नका. मीटर बीपवर ठेवा, फ्लोट हाताने वर-खाली करा आणि कोणत्या जोडीला कधी बीप येतो ते बघून वायरी निवडा. तिसरी वायर टोकाला पाणी न शिरेल अशी बंद करा. वजनापासून फ्लोटपर्यंतची केबल जितकी लांब, तितकं चालू-बंदमधलं अंतर जास्त. हौदात सोडायच्या आधी पिंपात बघून घ्या.

बसवल्यावर तपासणी सोपी आहे. पंप चालू असताना लोची वायर टर्मिनलवरून काढा. ठरलेल्या वेळात थांबला पाहिजे आणि लॉगमध्ये नोंद पडली पाहिजे. दर दोन-तीन महिन्यांनी हे करा.

टाकीभर
आज दुपारी फ्लोटच्या वायरी काढून टर्मिनलवर आखूड तुकडा लावला होता. दीड तास न थांबता चालला. म्हणजे केबलच. एक जोड ओला निघाला, तो नवा केला, पण वेगळा पाईप टाकेपर्यंत दोष जोडाचा की गोंगाटाचा हे कळायचं नाही.

ड्राइव्हदुरुस्ती
आधी फक्त जोडावर दोन-चार कडक दुपारी जाऊ द्या. परत थांबला तर मग खोदाई करा.

बांधावरून
आवरण आणि तिन्ही प्रोब घालून सेट उतरवला. ड्राय रन पॉवरवर १.० किलोवॅट, १२ सेकंद, किमान ४२ हर्ट्झ. सध्या ४६ हर्ट्झ आणि थोडा आवळलेला व्हॉल्व्ह ठेवलाय, पिंप साडेपाच मिनिटांत भरतं. तीन दिवसांत प्रोबवर एकूण चार वेळा थांबला, पॉवरवरचा ड्राय रन एकदाही नाही. ऊन भर असताना किलोवॅट १.४ दिसतात. पाणी आणखी खाली गेलं की हा आकडा कुठवर उतरेल याची धास्ती आहे.

पाणाडी
रोज दुपारी एकच्या सुमाराला हर्ट्झ आणि किलोवॅट लिहून ठेवा. ४६ वर १.२ च्या खाली यायला लागले तर हर्ट्झ ५० करा आणि व्हॉल्व्ह आणखी आवळा. पण त्याआधी पाईपचा दाब बघा.

तांब्याचीतार
आणि जुना पंप भंगारात टाकण्याआधी त्याची जाळी बघून ठेवा. तिच्यावर गाळ अडकलेला असेल तर नवीन जाळीचंही पुढे तेच होईल, आणि मग प्रोब पाणी आहे म्हणत राहतील तरी पंप उपाशी चालेल. तेव्हा पॉवरवरचा ड्राय रनच कामी येतो.

बांधावरून
जाळी एका बाजूला अर्धी बुजलेली आहे. बारीक वाळू आणि गंज. बोअर धुवून घ्यावी लागेल का?

पाणाडी
वाळू किती येते त्यावर आहे. सकाळी पंप सुरू होताच पहिल्या दोन मिनिटांचं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या, अर्धा तास तसंच ठेवा आणि तळाचा फोटो टाका.